मराठी टेक्स्ट-टू-स्पीच: आकडे, संक्षेप आणि इंग्रजी शब्दांसाठी वाचनप्रत कशी तयार करावी

संगणकाच्या आवाजात मराठी निवेदन करून घेताना आवाज चांगला असला, तरी कान अडतो तो बहुतेक वेळा आकड्यांपाशी. "दरात 5%नी वाढ" हे वाक्य डोळ्यांना खटकत नाही. मजकुराचा आवाज करणारं इंजिन मात्र ते "पाच टक्के नी वाढ" असं वाचू शकतं, कारण ते चिन्हाच्या जागी "टक्के" हा शब्द ठेवतं आणि पुढचा प्रत्यय आहे तसा वाचतं. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचं सामान्यरूप होतं: टक्के, पण टक्क्यांनी, रुपये, पण रुपयांची. हे रूप चिन्हात दिसत नाही, म्हणून ते आपणच लिहून द्यावं लागतं.

त्यासाठी मूळ मजकुराला हात न लावता त्याची दुसरी फाइल करा आणि तिला वाचनप्रत म्हणा. वाचनप्रतीत शुद्धलेखनापेक्षा उच्चार मोठा. ती छापायची नसते, फक्त ऐकवायची असते.

एक वाक्य घेऊन बघू:

"दि. 29 जून 2023 रोजी दु. 2:30 वा. 10वीच्या 125 विद्यार्थ्यांनी 3.5 कि.मी. अंतर GPS च्या मदतीने मोजले."

याची वाचनप्रत अशी होईल:

"एकोणतीस जून दोन हजार तेवीस रोजी, दुपारी अडीच वाजता, दहावीच्या एकशे पंचवीस विद्यार्थ्यांनी साडेतीन किलोमीटर अंतर जीपीएसच्या मदतीने मोजले."

पहिली पायरी: सगळे आकडे अक्षरी करा

मराठीत शंभरापर्यंतचे आकडे जवळजवळ प्रत्येक वेगळा शब्द आहे, आणि देवनागरी अंक हिंदीलाही तेच आहेत. आवाज हिंदीचा असेल किंवा भाषेची निवड चुकली असेल, तर 29 चं "उनतीस" होतं. "एकोणतीस" असं लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही. मराठी आवाज वापरत असाल तर भाषेचा कोड mr-IN आहे ना, हे आधी तपासा.

क्रमवाचक संख्यांवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. "10वी" बहुधा नीट वाचलं जातं, कारण दहा आणि वी जोडून दहावीच होतं. "21व्या" मात्र "एकवीसव्या" असं ऐकू येतं. हवं असतं "एकविसाव्या". पन्नासावा, शंभरावा, बेचाळिसावा यांतही मधे "आ" येतो. पहिले चार तर पूर्णच वेगळे आहेत: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. "3ऱ्या" असं लिहून यंत्राने "तिसऱ्या" म्हणावं ही अपेक्षा ठेवू नका. माणसं मोजतानाही "2 जणांना" हे "दोन जणांना" असं चालतं, पण निवेदनात "दोघांना" जास्त सहज वाटतं.

अपूर्णांकात मराठीचा खरा गोडवा आहे. दीड, अडीच, साडेतीन, सव्वाचार, पावणेपाच हे शब्द यंत्र सहसा स्वतःहून वापरत नाही. ते "दोन पॉइंट पाच" म्हणतं. वेळ, अंतर, वजन सांगताना हे शब्द बिनधास्त लिहा. फक्त दोन ठिकाणी थांबा. वरच्या वाक्यात 125 ही मोजलेली संख्या आहे, म्हणून "सव्वाशे" लिहिलं नाही. सव्वाशे म्हटलं की ऐकणाऱ्याला तो अंदाज वाटतो. आणि शास्त्रीय मोजमापात 3.25 असेल तर "सव्वातीन" नको, "तीन पॉइंट दोन पाच" लिहा. दशांशचिन्हानंतरचे अंक एकेक वाचायचे, "पंचवीस" असे एकत्र नाही.

सालांमध्ये 1947 चं "एकोणीसशे सत्तेचाळीस" करा, नाहीतर "एक हजार नऊशे सत्तेचाळीस" ऐकावं लागेल. फोन नंबर एकेक अंक सुटा लिहा आणि पाच अंकांनंतर स्वल्पविराम द्या.

दुसरी पायरी: संक्षेपांतले टिंब काढा

संक्षेप चुकीचा वाचला गेला तर एक शब्द बिघडतो. टिंब राहिलं तर अख्ख्या वाक्याची चाल बिघडते. इंजिन टिंबाला पूर्णविराम समजतं, तिथे सूर खाली आणतं आणि थांबतं. "दु. 2:30 वा. 10वीच्या" इतक्या तुकड्यात वाक्य दोनदा संपल्यासारखं वाटतं. म्हणून "डॉ." चं "डॉक्टर", "कि.मी." चं "किलोमीटर" करा. नावाची आद्याक्षरं ठेवायची असतील तर टिंबाऐवजी नुसती मोकळी जागा द्या.

"शोधा आणि बदला" एकदम चालवू नका. "इ." म्हणजे इत्यादी, "इ. स." म्हणजे इसवी सन, आणि "इ. 5वी" म्हणजे इयत्ता. "ता." म्हणजे तारीख की तालुका, हे आजूबाजूचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. हे संक्षेप एकेक करून बदला.

तिसरी पायरी: इंग्रजी शब्द देवनागरीत आणा

रोमन लिपीतला शब्द आला की काही आवाज तो अस्सल इंग्रजी ढंगात म्हणतात आणि मराठी वाक्यात एकदम परका माणूस बोलल्यासारखं होतं. "वायफाय", "व्हिडिओ", "फाइल" असं बोलतो तसं लिहा. PDF सारखा शब्द "पीडीएफ" असा जोडून लिहा. सुटी अक्षरं लिहिली तर मधे खंड पडतात. NASA मात्र अक्षरांनी नव्हे, "नासा" असा. प्रत्यय जोडूनच लिहा: "जीपीएसच्या". मधे जागा राहिली तर "च्या" वेगळा ऐकू येतो.

च आणि ज यांचे मराठीत दोन उच्चार आहेत आणि लिपी ते वेगळे दाखवत नाही. "जग" म्हणजे विश्व आणि "जग" म्हणजे पाण्याचं भांडं. "जून" महिना आणि "जून" झालेली भाजी. संदर्भावरून बरेच आवाज बरोबर ओळखतात, पण छोट्या वाक्यात चुकतात. चुकलं तर "ज्यून" लिहून बघा. "ज्य" मुळे जीभ टाळूकडे जाते. तुमचं इंजिन SSML, म्हणजे मजकुरात वाचनाच्या सूचना देणारे टॅग, घेत असेल आणि त्या आवाजाला उच्चार सांगणारा phoneme टॅग चालत असेल, तर उच्चार नेमका देता येतो:

```xml
<phoneme alphabet="ipa" ph="dʒuːn">जून</phoneme>
```

"ॲप" मधलं पहिलं अक्षरही फसवं आहे. ते तीन प्रकारे टाइप होतं: ॲ, ऍ, आणि अ वर चंद्र देऊन अॅ. पडद्यावर फरक जेमतेम दिसतो, पण इंजिनासाठी ही वेगवेगळी चिन्हं आहेत आणि एखादं रूप "अप" किंवा "एप" असं वाचलं जातं. तिन्ही रूपं एकदा ऐकून बघा. पहिलं बरोबर येत असेल तर सगळीकडे तेच करा:

```sh
sed 's/अॅ/ॲ/g; s/ऍ/ॲ/g' vachan.txt > vachan2.txt
```

शेवटची तपासणी

डोळ्यांनी वाचताना आकडे निसटतात, कारण आपण ते मनात बरोबरच वाचतो. म्हणून राहिलेले अंक, रोमन अक्षरं आणि चिन्हं यंत्राकडूनच शोधून घ्या:

```sh
grep -nP '[0-9०-९A-Za-z%₹]' vachan2.txt
```

phoneme टॅगची ओळ सोडून उत्तरात जी ओळ येईल ती अजून कच्ची आहे. मग आवाज तयार करा आणि मूळ प्रत समोर न ठेवता ऐका. समोर ठेवली तर कान डोळ्यांच्या मागे जातो आणि "एकवीसव्या" सुद्धा बरोबर वाटून जातं. चूक सापडली की ती वाचनप्रतीत दुरुस्त करा आणि तेवढंच वाक्य पुन्हा बनवा. तो शब्द आणि त्याचं दुरुस्त रूप एका वेगळ्या यादीत टिपून ठेवा, म्हणजे पुढच्या मजकुराची वाचनप्रत करताना तो आधीच बदलता येईल. आवाज बदललात तर मात्र ही यादी पुन्हा ऐकून घ्या. एका आवाजासाठी लिहिलेलं "ज्यून" दुसऱ्या आवाजात अडखळल्यासारखं येऊ शकतं.