संप, बिनपगारी रजा, कारखाना बंद: ईएसआयचे ७८ दिवस कसे मोजावेत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी बरीच वर्षं हजेरीचं काम केलं. तिथं सगळ्यात जास्त भांडणं झाली ती ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, आजारपणाच्या पैशांवरून. "दर महिन्याला पगारातून ईएसआय कापतात, मग मला पैसे का नाहीत?" हा प्रश्न फेब्रुवारीत यायचा, आणि त्याचं उत्तर आदल्या वर्षीच्या हजेरीपत्रकात असायचं.

ईएसआयमध्ये वर्षाचे दोन भाग असतात. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जे दिवस भरले, त्यांचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांचा पगार नोंदलेला असला, तरच आजारपणात रोख रक्कम मिळते. सहामाहीच्या मध्येच पहिल्यांदा नोकरीला लागलेल्याला ही अट थोडी सैल असते.

आता एका माणसाचा हिशोब मांडू. रोज ६०० रुपये, रोजंदारीवर. एप्रिलमध्ये २५ दिवस भरले. मेमध्ये घरात लग्न, म्हणून बिनपगारी रजा. १० दिवस भरले. जूनमध्ये २०. जुलैमध्ये अख्खा महिना संप, म्हणजे शून्य. ऑगस्टमध्ये भात लावणीचं राहिलेलं काम, म्हणून ९च दिवस भरले. सप्टेंबरमध्ये ऑर्डर नाही, ११ दिवस. बेरीज ७५. तीन दिवस कमी पडले.

पुढच्या फेब्रुवारीत त्याला कावीळ झाली आणि २१ दिवस घरी बसावं लागलं. ७८ भरले असते, तर पहिले दोन दिवस सोडून १९ दिवसांचे पैसे, रोजच्या सरासरीच्या ७० टक्के, म्हणजे दिवसाला साधारण ४२० रुपये मिळाले असते. एकूण ७,९८०. तीन खाड्यांपायी ते गेले. त्यातही वाईट म्हणजे त्याच्या खात्यावर सहा दिवसांची भरपगारी रजा शिल्लक होती. मेमध्ये "रजा साठवून ठेवतो, खाडा मांडा" असं त्यानंच सांगितलं होतं. ती रजा वापरली असती तर ८१ झाले असते, कारण ज्या दिवसाचा पगार मिळतो तो दिवस मोजला जातो, मग माणूस भट्टीवर असो की मांडवात.

म्हणून ऑगस्टच्या शेवटी बसून पहिला हिशोब करा. विमा क्रमांकानं ईएसआयच्या संकेतस्थळावर लॉगिन केलं की महिनावार वर्गणी आणि दिवस दिसतात. मालकाला मागच्या महिन्याची वर्गणी १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे शेवटचा महिना थोडा उशिरा दिसेल. पगारचिठ्ठीतले दिवस आणि पडद्यावरचे दिवस जुळवा. कमी पडणार असं दिसलं, तर सप्टेंबरमध्येच शिल्लक भरपगारी रजा मागून घ्या. हाच हिशोब फेब्रुवारीअखेरीस दुसऱ्या सहामाहीसाठी.

संपाचं थोडं वेगळं आहे. संपाच्या दिवसांचा पगार नाही, तर ते दिवस शून्य. पण पुढे समझोता होऊन त्या दिवसांचा पगार मिळाला आणि संप बेकायदा ठरलेला नसेल, तर तो पगारातच धरला जातो. करारात "एकरकमी मदत" असं मोघम लिहून घेऊ नका. कुठल्या तारखांचा पगार ते लिहून घ्या, म्हणजे त्या दिवसांची वर्गणी मागता येते. ले-ऑफची, म्हणजे काम नाही म्हणून मालकानं बसवून ठेवल्याची, भरपाई मिळाली तर तेही दिवस मोजतात. रक्कम निम्मी असल्यानं सरासरी मात्र खाली येते. आणि प्रत्यक्ष संपावर असलेल्या दिवसाचे आजारपणाचे पैसे सहसा मिळत नाहीत. इस्पितळात दाखल असणाऱ्यासारखे मोजके अपवाद आहेत.

कामावरच्या अपघाताला ७८ची अट नाही. पहिल्या दिवशी बोट कापलं तरी हक्क आहे.

मालक शून्य दिवस भरतो तेव्हा त्याला कारण निवडावं लागतं: `On Leave`, `Strike/Lockout`, `No Work`, `Left Service`. मोठी गफलत इथंच होते. आमच्याकडे एका क्लार्कनं संपाच्या महिन्यात घाईघाईत काहीजणांसमोर `Left Service` निवडलं, आणि कामावर असलेली माणसं कागदोपत्री नोकरी सोडून गेली. हे दवाखान्यात कार्ड चालेना तेव्हाच कळलं. म्हणून संप मिटल्यावर पहिल्याच आठवड्यात आपलं नाव चालू आहे का ते पाहा. चुकलं असेल तर मालकाकडे लेखी मागणी करा, पोच घ्या आणि प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या.

कारखाना कायमचा बंद झाला, तर बेकारी भत्त्याच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतही नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीतले हेच ७८ दिवस विचारतात. त्यामुळे बंदच्या अफवा सुरू झाल्या की शेवटच्या पगारचिठ्ठ्या आणि हजेरीकार्डाचे फोटो काढून ठेवा. गेटला कुलूप पडल्यावर हजेरीबुक दाखवायला आत कुणी नसतं.