नोकरीची ऑफर ईमेलने कशी स्वीकारावी: पगार, रुजू होण्याची तारीख आणि कागदपत्रे

ऑफर लेटर आल्यावर ‘थँक यू, आय अ‍ॅक्सेप्ट’ एवढेच लिहून मोकळे होणारे बरेच असतात. त्यातले काही जण दोन महिन्यांनी पहिली पगाराची स्लिप हातात घेऊन एचआरच्या टेबलासमोर उभे राहतात. स्वीकृतीच्या ईमेलचे काम आभार मानण्यापेक्षा मोठे आहे. कोणत्या पदावर, किती पगारावर आणि कोणत्या तारखेपासून, हे दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी लेखी असावे, यासाठी तो लिहायचा असतो.

पद्धत समजायला एक नमुना घेऊ. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका सहायक लेखापालाला नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून ऑफर आली आहे. वार्षिक सीटीसी ६,००,०३० रुपये, १ सप्टेंबर २०२६ ला रुजू व्हायचे आणि उत्तर पाच दिवसांत द्यायचे. सध्याच्या नोकरीत ६० दिवसांचा नोटीस पिरियड आहे.

आधी पत्र वाचा, उत्तर नंतर

सीटीसीचा आकडा महिन्याला हातात येत नाही, हे सगळ्यांना माहीत असते, पण नेमके किती येणार याचा हिशेब फार थोडे जण मांडतात. आपल्या नमुन्यात मूळ वेतन २५,००० रुपये, घरभाडे भत्ता १०,००० आणि विशेष भत्ता ७,००० असे महिन्याचे ४२,००० होतात, म्हणजे वर्षाचे ५,०४,०००. सीटीसीत याशिवाय तीन रकमा आहेत: पीएफमधला कंपनीचा वाटा २१,६०० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद १४,४३० आणि कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस ६०,०००. सगळे मिळून बरोबर ६,००,०३० भरतात.

इथे पीएफ पंधरा हजारांच्या वेतन मर्यादेवर धरला आहे. त्याचे १२ टक्के, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये कंपनी भरते आणि तेवढेच तुमच्या पगारातून कापले जातात. महाराष्ट्रातला व्यवसाय कर बहुतेक महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. तेव्हा हातात येतील ते ४०,००० रुपये. सीटीसीला बाराने भागून पन्नास हजारांची अपेक्षा धरली असेल तर दहा हजारांचा फरक इथेच दिसतो. कंपनी पूर्ण मूळ वेतनावर पीएफ भरत असेल तर कपात १,८०० नव्हे तर ३,००० होईल, त्यामुळे पत्रात कोणता आधार घेतला आहे ते पाहून घ्या.

आता तारीख. ६ जुलैला राजीनामा दिला तर त्यापुढचे ६० दिवस ४ सप्टेंबरला, शुक्रवारी संपतात. १ सप्टेंबरला सातपूरला हजर राहणे शक्यच नाही. आणि मुलाखतीत ‘सहा महिन्यांनी पगार वाढवू’ असे कोणी म्हटले असेल, पण पत्रात त्याचा उल्लेख नसेल, तर तो प्रश्नही याच टप्प्यावर काढायचा.

अट वेगळी, स्वीकृती वेगळी

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ नुसार स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. ‘ऑफर मान्य आहे, मात्र रुजू तारीख ७ सप्टेंबर करावी’ असे लिहिले की ती स्वीकृती राहत नाही, तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव ठरतो. व्यवहारातही त्याने गोंधळच होतो. एचआरला वाटते उमेदवाराने होकार दिला, उमेदवाराला वाटते आपली तारीख मान्य झाली, आणि यंत्रणेत १ सप्टेंबर तशीच राहते.

म्हणून पहिला ईमेल फक्त बदलाचा. तो चार ओळींचा असला तरी चालतो:

> सध्याच्या नोकरीत ६० दिवसांचा नोटीस कालावधी असून ६ जुलै २०२६ रोजी राजीनामा दिल्यास कामाचा शेवटचा दिवस ४ सप्टेंबर २०२६ येतो. त्यामुळे रुजू होण्याची तारीख सोमवार, ७ सप्टेंबर २०२६ करता येईल का, हे कृपया कळवावे. तसे सुधारित पत्र मिळाल्यास लगेच लेखी स्वीकृती पाठवतो.

तारीख मागताना कारण आणि हिशेब दोन्ही द्या. ‘थोडा वेळ हवा’ यावर एचआरला पुढे कोणाची मंजुरी घेता येत नाही, ‘७ सप्टेंबर’ यावर घेता येते. जुन्या ठिकाणचा शेवटचा दिवस आणि नव्या ठिकाणचा पहिला दिवस एकमेकांवर चढू देऊ नका. पीएफच्या नोंदीत दोन्हीकडची सेवा एकाच वेळी दिसली की पार्श्वभूमी पडताळणीत त्याचा जाब विचारला जातो.

सुधारित पत्र यावे हे उत्तम. ते नसेल तर निदान ‘७ सप्टेंबर मान्य’ असे ईमेलवर उत्तर हवे. फोनवरचा होकार इथे पुरत नाही.

स्वीकृतीचा ईमेल

ज्या ईमेलने ऑफर आली त्यालाच उत्तर द्या, म्हणजे मागचा पत्रव्यवहार खाली राहतो. पत्र एचआरकडून आले असेल तर मुख्य पत्ता त्यांचा, आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचे ते अधिकारी आधीच्या ईमेलमध्ये असतील तर त्यांना प्रत. सध्याच्या कंपनीच्या ईमेल खात्यावरून हे काहीही पाठवू नका. ऑफर मराठीत असेल तर उत्तर मराठीत, इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. मजकुराचा क्रम दोन्हीकडे एकच.

> विषय: ऑफर स्वीकृती – सहायक लेखापाल – (पत्र क्रमांक) – (तुमचे नाव)
>
> माननीय महोदया,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या २ जुलै २०२६ रोजीच्या सुधारित पत्रानुसार सातपूर, नाशिक येथील कारखान्यात सहायक लेखापाल या पदाचा प्रस्ताव मी स्वीकारत आहे. या संधीबद्दल आभारी आहे.
>
> पत्रातील पुढील तपशील माझ्या नोंदीप्रमाणे असे आहेत: वार्षिक सीटीसी ६,००,०३० रुपये, त्यात मासिक एकूण वेतन ४२,००० रुपये आणि कामगिरीवर आधारित वार्षिक बोनस ६०,००० रुपये. रुजू होण्याची तारीख सोमवार, ७ सप्टेंबर २०२६. यात काही फरक असल्यास कृपया कळवावे.
>
> प्रत्येक पानावर सही केलेले पत्र सोबत जोडले आहे.
>
> रुजू होण्यापूर्वीच्या कागदपत्रांबाबत पुढील माहिती मिळावी, ही विनंती:
>
> १. कोणती कागदपत्रे कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या मार्गाने पाठवायची?
>
> २. पार्श्वभूमी पडताळणी केव्हा सुरू होईल? सध्याच्या कंपनीशी संपर्क मी राजीनामा दिल्यानंतरच व्हावा, अशी विनंती आहे.
>
> ३. रिलीव्हिंग लेटर ७ सप्टेंबरपर्यंत मिळाले नाही, तर राजीनामा मंजुरीचा ईमेल तात्पुरता चालेल का?
>
> ४. वैद्यकीय तपासणी आवश्यक असल्यास ती कुठे करायची आणि तिचा खर्च कोणाकडे?
>
> हा ईमेल मिळाल्याचे कळवावे, म्हणजे मला राजीनाम्याची प्रक्रिया सुरू करता येईल.
>
> आपला विश्वासू,
> (पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक)

पहिल्याच वाक्यात ‘स्वीकारत आहे’ आले आहे. एचआरच्या माणसाला दिवसात अशी पन्नास पत्रे दिसतात, आभाराच्या दोन परिच्छेदांनंतर होकार शोधत बसायला त्यांना वेळ नसतो.

आकडे पत्रातलेच लिहिले आहेत. हातात येणारे ४०,००० हा आपला हिशेब आहे, कंपनीचे आश्वासन नव्हे. तो ईमेलमध्ये घातला तर कोणी ‘हे आम्ही म्हटले नव्हते’ म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. बोनस ‘कामगिरीवर आधारित’ असेल तर तेच शब्द ठेवा, त्याला ठरलेल्या पगारात मिसळू नका.

कागदपत्रांचे प्रश्न असेच का

‘कागदपत्रे काय लागतील?’ एवढेच विचारले की एक छापील यादी येते: पॅन, आधार, शैक्षणिक प्रमाणपत्रे, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिप, बँकेचा रद्द केलेला धनादेश, फोटो. ती यादी तशीही येणारच असते. प्रश्न विचारायचा तो जिथे अडकायला होते त्याबद्दल, आणि बहुतेकांचे अडते ते रिलीव्हिंग लेटरपाशी. अनेक कंपन्या ते शेवटच्या दिवशी देत नाहीत, अंतिम हिशेब झाल्यावर देतात. नव्या कंपनीने ते पहिल्याच दिवशी मागितले तर उमेदवार मध्ये लटकतो. दोन महिने आधी विचारलेले असेल तर उत्तर लेखी हातात असते.

पडताळणीबद्दलची विनंतीही तेवढीच महत्त्वाची. राजीनामा देण्याआधीच पडताळणी करणाऱ्या संस्थेचा फोन तुमच्या सध्याच्या साहेबांना गेला, तर पुढचे संभाषण अवघड होते. उलट ऑफर ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ अशा अटीवर असेल, तर शिक्षण आणि आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी राजीनाम्यापूर्वी पूर्ण होईल का, हे जरूर विचारा.

मूळ प्रमाणपत्रे दाखवायची असतात, जमा करायची नसतात. कोणी ठेवून घ्यायला मागितली तर कारण आणि पोच लेखी मागा. आधारसाठी पहिले आठ अंक झाकलेली प्रत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढता येते, ती चालते का ते विचारा. पीएफसाठी आधीचाच यूएएन द्या; नवा काढला गेला तर जुनी शिल्लक वेगळ्या खात्यात अडकते. आणि रुजू होण्यासाठी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘लॅपटॉपची अनामत’ मागितली गेली तर पैसे भरण्याआधी कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून खात्री करा. अशी मागणी बहुतेक वेळा फसवणुकीची असते.

पाठवण्याआधी आणि नंतर

सर्वाधिक चुका जोडपत्रात होतात: फाइलच जोडलेली नसते, जुन्या तारखेचे पत्र जोडले जाते किंवा फक्त शेवटच्या पानावर सही असते. फाइल पीडीएफ ठेवा आणि तिच्या नावात तुमचे नाव येऊ द्या. पाठवण्यापूर्वी ती एकदा उघडून तारीख बघा. ओळखपत्रे नंतर पाठवाल तेव्हा पीडीएफला पासवर्ड लावा आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका.

कामाचे दोन दिवस उत्तर आले नाही तर त्याच ईमेलवर एका ओळीची आठवण पाठवा आणि फोनही करा. ऑफरची मुदत संपायला एकच दिवस उरला असेल तर दोन दिवस थांबू नका. पोच येईपर्यंत राजीनामा खिशातच राहू द्या. आपल्या नमुन्यात ती ६ जुलैऐवजी ८ जुलैला आली, तर नोटीस ६ सप्टेंबरला, रविवारी संपते आणि ७ तारीख अजूनही जमते. त्याहून उशीर झाला तर मात्र नवी तारीख मागणारा चार ओळींचा ईमेल पुन्हा लिहावा लागेल.