तिकीट काढण्याआधी विमान कोणतं ते बघा

मुंबई–सिंगापूर हा साधारण साडेपाच तासांचा प्रवास. इंडिगो तिथे एअरबस ए320 घराण्यातली, एकाच मधल्या वाटेची विमानं पाठवते, तर सिंगापूर एअरलाइन्स दोन वाटांची मोठी. भाडं बघण्याआधी हा फरक बघा, विशेषतः बरोबर वयस्कर आईवडील असतील तर.

मोठं विमान म्हणजे रुंद सीट, असं मात्र धरून चालू नका. बोइंग 787 मध्ये इकॉनॉमीत एका रांगेत नऊ सीट बसवतात, त्यामुळे एकेक सीट जेमतेम 17 इंचांची उरते. ए320 मध्ये सहाच असल्याने ती 18 इंचांचीही असू शकते. मोठ्या विमानाचं खरं सुख दुसऱ्या वाटेत आहे. एका वाटेत जेवणाची ट्रॉली अडली तरी दुसरीकडून टॉयलेट गाठता येतं, आणि आखडलेले गुडघे मोकळे करायला चार पावलं चालता येतात. 787 आणि ए350 मध्ये केबिनमधला हवेचा दाबही सुमारे 6,000 फुटांवर असतो तेवढा राखतात. इतर बहुतेक विमानांत तो 8,000 फुटांइतका विरळ होऊ शकतो. 787 आणि ए350 मधल्या जास्त दाबामुळे उतरल्यावरचा थकवा कमी होऊ शकतो. पण हे त्या दोन विमानांच्या बांधणीचं श्रेय आहे. ए330 दोन वाटांचं असूनही त्यात हे मिळत नाही.

आता शोधायचं कसं? गूगल फ्लाइट्सवर विमान निवडून तपशील उघडला की मॉडेलचं नाव दिसतं. वेळापत्रकात नुसता कोड असेल, तर 32N, 32Q, 7M8 ही एका वाटेची. 333, 359, 789, 77W ही दोन वाटांची. मग सीटचा नकाशा उघडा. तीन-तीन अशी मांडणी दिसली तर वाट एकच. तीन-तीन-तीन, दोन-चार-दोन किंवा तीन-चार-तीन असेल तर दोन. प्रवासात मध्येच विमान बदलायचं असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा तपासा, आणि Operated by पुढचं नाव वाचाच. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक असतो आणि उडवते दुसरीच, हे सर्रास होतं.

शेवटची खात्री फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर. फ्लाइट क्रमांक टाका आणि गेल्या आठवड्यात रोज कोणतं विमान गेलं ते बघा. रोज तेच असेल तर भरवसा ठेवायला हरकत नाही. दर दोन दिवसांनी बदलत असेल तर जास्तीचे पैसे मोजू नका. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रकाचा हंगाम बदलतो. प्रवास त्यापुढचा असेल तर मागच्या आठवड्याची नोंद फारशी उपयोगाची नाही.

विमानाच्या प्रकाराची हमी कंपन्या देत नाहीत, आणि नुसत्या त्या कारणावर पैसेही सहसा परत मिळत नाहीत. म्हणून बुकिंगनंतर महिन्यातून एकदा, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात, नकाशा पुन्हा उघडा. तुमचा सीट क्रमांक आपोआप बदललेला दिसला तर बहुधा विमान बदललं आहे. त्याच दिवशी फोन करून सगळ्यांच्या सीट पुन्हा शेजारीशेजारी मागून घ्या.