नंबर मागताना आणि पहिला मेसेज पाठवताना

फोन नंबर निरोपाच्या घाईत न मागता, रंगलेला विषय चालू असतानाच त्याच्याशी जोडून मागावा, उदाहरणार्थ, "त्या पुस्तकाबद्दल अजून विचारायचं होतं, तुमचा नंबर मिळेल का? नाहीतर माझा घेऊन ठेवा," असे म्हटल्यास समोरच्या व्यक्तीला अवघडल्याशिवाय टाळता येते. "बघू" हे उत्तर नकारच समजावे. मिळालेला नंबर खरा आहे का, हे तिथेच रिंग देऊन तपासणे मला तरी असभ्य वाटते. पहिला मेसेज त्याच दिवशी पाठवावा आणि नुसते "हाय" न लिहिता, "नमस्कार, मी समीर, दुपारी ग्रंथालयात भेटलो होतो, त्या पुस्तकाचे लेखक कोण म्हणालात?" अशी ओळखीची खूण द्यावी. उत्तर न आल्यास पुन्हा विचारू नये.