भुवई रेखताना या चुका टाळा : टोक जड का दिसते?

पेन्सिलने भुवई रेखली की ती रेखलेलीच दिसते, अशी तक्रार अनेक जणी करतात आणि तिचा दोष बहुधा रंगाला देतात. रंग चुकतो हे खरेच आहे. केस काळे म्हणून काळी पेन्सिल, किंवा घाईत हाताशी असलेले काजळ भुवईवर फिरवले, तर ती चिकटवल्यासारखी दिसते. त्यामुळे केसांपेक्षा थोडा फिकट, तांबूस झाक नसलेला गडद तपकिरी रंग घेणे योग्य ठरते. मात्र रंग नेमका असूनही भुवई कृत्रिम वाटत असेल, तर आधी कानाकडच्या टोकाकडे पाहावे.

या टोकाला केस मुळातच विरळ असतात आणि थ्रेडिंगमध्ये ते आणखी कमी होतात. भुवईच्या मध्यभागी पेन्सिलचा रंग केसांमध्ये लपतो. टोकाला मात्र तो थेट त्वचेवर बसतो आणि तेवढ्याच दाबाने ओढलेली रेघ तिथे दुप्पट गडद दिसते. त्यात रेखाटन टोकापासूनच सुरू केले, तर नुकतीच टोक काढलेली पेन्सिल किंवा भुवईच्या पावडरने भरलेला ब्रश आपले सारे काम नेमके त्या उघड्या जागेवर करतो. टोकापासून सुरुवात करण्याची पद्धत सर्रास शिकवली जाते. ज्यांचे टोक दाट आहे त्यांना ती चालते, पण विरळ टोकासाठी माझ्या मते ती सोडूनच द्यावी.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. थ्रेडिंगमध्ये डाव्या भुवईचे टोक खालच्या बाजूने जास्त निघाले आहे आणि ते उजवीपेक्षा आखूड झाले आहे. सर्वप्रथम स्पूलीने, म्हणजे मस्काऱ्याच्या ब्रशसारख्या छोट्या ब्रशने, केस वर विंचरावेत आणि पेन्सिल नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकी धरावी. ती जिथे भुवईला भेटते, तिथपर्यंतच टोक न्यावे. हे टोक भुवईच्या आतल्या सुरुवातीच्या खालच्या कडेपेक्षा खाली उतरले, तर डोळा ओघळल्यासारखा दिसतो. त्यानंतर बारीक पेन्सिलने कमानीच्या अलीकडून कामाला लागावे आणि केसांची दिशा पाहून तुटक रेघा काढाव्यात. नाकाजवळचे केस जवळजवळ सरळ वर जातात, पुढे ते बाहेरच्या बाजूला कलतात, आणि कमानीनंतर वरच्या कडेचे केस खाली तर खालच्या कडेचे वर झुकून मध्ये भेटतात. म्हणून निघालेली खालची कड भरताना एक सलग आडवी रेघ न ओढता, खालून वर व बाहेर जाणाऱ्या तीन-चार छोट्या रेघा पुरतात. प्रत्येक रेघ संपत येताना हात उचलावा, म्हणजे तिचे टोक केसासारखे निमुळते होते. हात तसाच दाबून थांबवला, तर रेघेच्या शेवटी ठिपका उमटतो, आणि असे चार ठिपके एकत्र आले की टोक जाड दिसते.

आता पावडर. तिचे काम नव्या रेघा काढण्याचे नसून रेघांमधील मोकळी त्वचा किंचित झाकण्याचे आहे. तिरक्या ब्रशवर थोडी पावडर घ्यावी, हाताच्या पाठीवर झटकावी, मध्यभागी टेकवावी आणि ब्रशवर जे उरेल तेवढेच टोकाकडे न्यावे. नाकाजवळच्या पहिल्या भागात पावडर जवळपास नकोच, कारण तिथे भरीव रंग बसला की भुवई चौकोनी होते.

पेन्सिल सरकत असेल किंवा गोळा होत असेल, तर हात दोषी नसतो. भुवईखाली सनस्क्रीन किंवा क्रीम ओले राहिलेले असते. दमट हवेत हे हमखास घडते. टिशूने ती जागा टिपून घ्यावी. टोक आधीच गडद झाले असेल, तर पूर्ण भुवई पुसण्याची गरज नाही: कोरड्या स्पूलीने केसांच्या दिशेने दोन-तीनदा विंचरावे, तरीही रंग उरला तर इअरबडवर अगदी थोडे मेकअप रिमूव्हर घेऊन फक्त खालची कड पुसावी आणि जागा सुकल्यावर एखादीच रेघ पुन्हा काढावी. पुसलेली कड कन्सीलरने धारदार आखून घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यामुळेच टोक कातरल्यासारखे दिसते.

भुवईचे केस जागेवर बसवणारे जेल शेवटी लावावे. त्यावर पावडर लावली तर ओल्यात गोळे होतात, आणि सुकलेल्या जेलवर पेन्सिल ओढली तर पांढरट कपचे निघतात. ब्रश नळीच्या तोंडाशी निपटून, केस नाकाजवळ वर आणि पुढे बाहेरच्या बाजूला वळवावेत. टोकाला जिथे केसच नाहीत तिथे जेल फिरवू नये. ते त्वचेवरचा रंग ओला करून पसरवते, आणि नुकतीच सुधारलेली कड पुन्हा जड होते.