स्वतःचं बॅक ट्रान्सलेशन स्वतः करू नका (कन्सेंट फॉर्मचं काम नव्याने घेणाऱ्यांसाठी)

क्लिनिकल ट्रायलच्या संमतीपत्राचं इंग्रजीतून मराठी करणाऱ्या नवीन मुलामुलींसाठी लिहितेय. काम कसं मिळतं, रेट काय, हे तुम्हाला माहीतच असेल. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, बॅक ट्रान्सलेशन, म्हणजे आपलं मराठी पुन्हा इंग्रजीत आणून मूळाशी ताडून बघणं, कारण तिथे मी जोरात आपटले होते आणि अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

पहिल्या मसुद्यानंतर बहुतेक वेळा निरोप येतो की भाषा जड आहे, पेशंटला कळेल असं लिहा. मग आपण वाक्य मोडून आपल्या शब्दांत सांगतो, आणि अर्थ सरकतो तो इथेच. माझं वाक्य होतं नकाराचं. इंग्रजीत म्हटलेलं की नकार दिलात तर दंड नाही, आणि तुम्हाला एरवी ज्या लाभांचा हक्क आहे ते जाणार नाहीत. मी सोपं केलं: 'भाग घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, नाही म्हणालात तरी तुमचे उपचार चालू राहतील.' छान वाटलं मला. डेडलाइन होती म्हणून त्याच रात्री बॅक ट्रान्सलेशन पण मीच केलं आणि 'तुमचे उपचार'चं इंग्रजी केलं 'तुमचे नेहमीचे उपचार'. मूळाशी जुळलं, पाठवून दिलं.

'नेहमीचे' हा शब्द माझ्या मराठीत कुठे होता? नव्हताच. तो माझ्या डोक्यात होता, कारण मूळ इंग्रजी दिवसभर डोळ्यासमोर होतं. नंतर मूळ न बघितलेल्या एका बाईंनी फक्त मराठी वाचून इंग्रजी केलं तेव्हा आलं की नकार दिला तरी तुमची ट्रीटमेंट सुरू राहील. कुठली ट्रीटमेंट? ट्रायलमधलं औषध फुकट मिळतं, मधेच सोडणारा पेशंट हे वाचून ते मिळत राहील असं समजला तर चूक त्याची नाही. मराठीत 'उपचार' दोन्हीला चालतो. शिवाय दंडाचा भाग मी पूर्ण गाळला होता, तो माझ्या स्वतःच्या उलट भाषांतरात न दिसताच 'जुळला'.

दुरुस्त केलं ते असं: 'नाही म्हणालात तर कुठलाही दंड नाही. एरवी तुम्हाला ज्या सोयी आणि उपचार मिळायला हवेत ते मिळतीलच.' 'ट्रायलचं औषध मात्र बंद होईल' असं पुढे जोडायचा फार मोह झाला, पण ते मूळात त्या वाक्यात नाही, म्हणून जोडायचं नाही, क्लायंटला क्वेरी टाकायची. सोपं करणं वेगळं आणि भर घालणं वेगळं.

दुसरा माणूस मिळाला की त्याला दोन गोष्टी नक्की सांगा. मूळ मागू नका, आणि वाक्य सुधारू नका, जे लिहिलंय तेच इंग्रजीत आणा, दोन अर्थ निघत असतील तर बाजूला दोन्ही लिहा. हुशार भाषांतरकार तुमचं लंगडं वाक्य नकळत नीट करून देतो आणि मग तुम्हाला काहीच सापडत नाही.

तुलना करताना शब्द जुळवत बसू नका, ते वेगळे येणारच आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोण, किती, कधीपर्यंत, 'होईल' की 'होऊ शकेल', आणि 'सोडून' किंवा 'जोपर्यंत'वाल्या अटी, एवढं प्रत्येक वाक्यात बघा. रँडमायझेशनला, म्हणजे कोणाला कुठलं औषध हे नशिबावर ठरवण्याला, सगळे 'नाणेफेकीसारखं' लिहितात. ट्रायल 1:1 असेल तर ठीक, पण 2:1 असेल, म्हणजे तिघांपैकी दोघांना नवीन औषध, तर नाणेफेक म्हटल्यावर पेशंटला निम्मी शक्यता सांगितली जाते. उलट भाषांतरात 'टॉसिंग अ कॉइन' दिसलं की लगेच मूळातला रेशो काढून बघा.

काही सीनियर सांगतात की बॅक ट्रान्सलेशन फाइलला जोडायला असतं, फार मनावर घेऊ नको. मला हे पटत नाही, अशांकडून काम शिकू नका. दुसरं कोणी मिळतच नसेल तर निदान चारपाच दिवस फाइल बंद ठेवा, मग मूळ न उघडता फक्त मराठीवरून करा. चालेल, पण दुसऱ्या माणसाची सर त्याला नाही.

आणि सगळं जुळलं म्हणून निश्चिंत होऊ नका. 'नकार दिल्यास आपण अन्यथा पात्र असलेल्या लाभांची हानी होणार नाही' हे उलट केलं तर मूळाशी तंतोतंत जुळतं, आणि ओपीडीच्या बाकावर बसलेल्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. अर्थ सरकला का तेवढंच ही पद्धत सांगते, समजतं का हे नाही. त्यासाठी मी आता शेजारच्या काकूंना वाचून दाखवते आणि तुम्हाला काय कळलं ते सांगा म्हणते. दुरुस्त केलेलं वाक्य ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे नाही म्हटलं तरी दवाखान्यातनं हाकलणार नाहीत." त्यानंतरच मी ती दुरुस्त केलेली फाइल परत पाठवली.