शाळेच्या बुटांचा अभिप्राय एका सत्रानंतर कसा लिहावा

जूनमध्ये घेतलेल्या बुटांबद्दल पहिल्या आठवड्यात लिहिलेला अभिप्राय दुसऱ्या पालकाच्या फारसा कामाचा नसतो. तेव्हा सगळेच बूट चकचकीत दिसतात. पावसाळा, डबकी, मैदान आणि व्हरांड्यातली धावपळ काढून बूट दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात, तेव्हा ते खरं काय ते सांगतात. फक्त एक काळजी घ्यायला हवी. बुटाचा दोष कुठला, मुलाच्या वापराचा परिणाम कुठला आणि पाय वाढल्यामुळे झालेला त्रास कुठला, हे तिन्ही वेगळं काढल्याशिवाय लिहू नये. पाच तारे किंवा एक तारा देऊन मोकळे होणारे बहुतेक लोक इथेच चुकतात.

आधी धुऊन वाळवा

सुखतळा बाहेर काढा, बूट ओल्या फडक्याने पुसा, सोलच्या खाचांतला चिखल जुन्या टूथब्रशने काढा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून एक दिवस सावलीत ठेवा. उन्हात ठेवू नका, कारण तापल्यावर चिकटवलेल्या सोलचा गोंद सैल होतो आणि रेक्झिन कडक पडतं. मग जी भेग दिसेल ती सत्रातली की उन्हातली, हे कळणार नाही.

सोल

बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाचेचा बाहेरचा कोपरा थोडा झिजलेला असतो, कारण बहुतेकांचं पाऊल तिथूनच टेकतं. तो दोष नाही. झीज किती झाली हे कळायला नवा बूट शेजारी लागत नाही. सोलचा मधला, कमानीखालचा भाग जमिनीला फारसा लागत नाही, त्यामुळे तिथली नक्षी जवळपास नव्यासारखीच राहते. आगपेटीची काडी तिथल्या खाचेत उभी धरून खोलीची खूण करा आणि तीच काडी चवड्याखाली धरा. निम्म्याहून जास्त खाच शिल्लक असेल, तर सोल दुसरं सत्रही काढेल. चवडा गुळगुळीत झाला असेल, तर ओल्या फरशीवर मूल घसरतं. ही गोष्ट अभिप्रायात पहिल्या ओळीत यायला हवी.

एकाच बुटाचं टोक खरवडलेलं असेल, तर मूल सायकल थांबवताना तो पाय घासतं का, किंवा त्याच पायाने चेंडू मारतं का, ते बघा. ती झीज बुटाच्या नावावर टाकू नये. दोन्ही टाचा आतल्या बाजूने खूप झिजल्या असतील, तर तो चालण्याच्या ढबीचा प्रश्न असू शकतो. बूट बदलूनही तसंच होत राहिलं, तर डॉक्टरांना दाखवावं.

चवड्याची घडी आणि जोड

शाळेचे बूट सर्वांत आधी इथे जातात. बूट हातात धरून पाऊल उचलताना वाकतो तितकाच वाकवा आणि घडीकडे नीट बघा. बारीक सुरकुत्या असतील तर काळजी नाही. वरचा काळा पापुद्रा सुटून खालचं कापड दिसत असेल, तर माल कमी टिकाऊ आहे. बहुतेक स्वस्त काळे बूट कापडावर प्लास्टिकचा पातळ थर दिलेल्या रेक्झिनचे असतात. रोज वाकणं आणि वारंवार भिजणं यामुळे थर कापडापासून सुटतो, आणि एकदा सुटला की पॉलिशने तो झाकला जातो, जोडला जात नाही.

पण पापुद्रा उडाला म्हणून लगेच बुटाला दोष देण्याआधी नंबर तपासा. बूट ठरलेल्या जागी वाकावा असाच बनवलेला असतो. ‘वर्षभर पुरेल’ म्हणून दोन नंबर मोठा घेतला, तर पायाची घडी एकीकडे आणि बुटाची दुसरीकडे येते. मग बूट भलत्याच ठिकाणी मोडतो आणि टाचही निसटत राहते.

सोलचा जोड तपासायला बुटाच्या आत कोरडा टिश्यू पेपर पसरा आणि ताटात एक सेंटीमीटर पाणी घेऊन बूट दहा मिनिटं त्यात ठेवा. कागद जिथे ओला होईल, तिथे जोड उघडला आहे. बहुधा ती जागा करंगळीच्या बाजूला, घडीच्या खाली असते. जाडसर पोस्टकार्ड त्या फटीत किती आत जातं, तेही लिहा. सोल साच्यात थेट ओतलेला असेल, तर कडेला गोंदाची रेघ दिसत नाही. चिकटवलेल्या सोलला ती बऱ्याचदा दिसते. वाचणाऱ्याला दुकानात ओळखायला ही खूण उपयोगी पडते.

आराम

‘बूट चावतात का?’ असं विचारलं की लहान मुलं ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी ‘कुठे लागतं, बोट ठेवून दाखव’ असं म्हणावं. त्याहून भरवशाचा साक्षीदार म्हणजे सुखतळा. संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, मुलाला त्यावर उभं करा. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. बोटाचा ठसा अगदी कडेला उमटला असेल आणि मोजाही तिथेच फाटत असेल, तर पाय वाढला आहे. एक नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर, आणि वाढत्या वयात तेवढी वाढ वर्षाच्या आत होऊ शकते. ‘बूट आखूड आहे’ असं लिहिण्याआधी हे बघाच.

टाचेमागचं अस्तर फाटलं असेल आणि मागचा ताठ भाग चेपलेला असेल, तर मूल वेल्क्रो न उघडताच पाय घुसवत असावं. ताठ भाग शाबूत असून फक्त अस्तर घासलं गेलं असेल, तर टाच आत वरखाली होत होती, म्हणजे बूट ढगळ आहे. वेल्क्रो धरत नसेल, तर त्यात अडकलेला मोज्याचा भुगा सुईने काढून पुन्हा लावून बघा. मग धरला, तर पट्टा चांगला आहे.

पैसे वसूल झाले का

किमतीत दुरुस्तीचा खर्च मिळवा आणि प्रत्यक्ष घातलेल्या दिवसांनी भागा. समजा बूट 749 रुपयांचा, मोच्याने कडेला घातलेल्या टाक्यांचे 60, आणि शाळेचे दिवस 96. म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ रुपये. 1299 रुपयांचा बूट दोन्ही सत्रं, म्हणजे 200 दिवस टिकला, तर दिवसाला साडेसहा पडतात. महाग बूट स्वस्त ठरतो, पण पाय तोवर त्यात मावला तरच. म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलासाठी मजबुतीपायी दुप्पट पैसे मोजणं मला पटत नाही. पायाची वाढ मंदावलेल्या मोठ्या मुलांसाठी मात्र ते जरूर मोजावेत.

आता हे सगळं लिहायचं कसं, त्याचा एक नमुना:

‘मुलगी सात वर्षांची, दुसरीत. नंबर 12, वेल्क्रोचा काळा बूट, 749 रुपये. 15 जून ते दिवाळी, 96 दिवस, एकच जोड. रोज येऊन-जाऊन दीड किलोमीटर चालणं, पावसात आठवड्यातून दोनतीनदा भिजला. आठव्या आठवड्यात उजव्या बुटाची करंगळीकडची कड उघडली, 60 रुपयांत शिवून घेतली, त्यानंतर पाणी आलं नाही. घडीवर सुरकुत्या आहेत, पापुद्रा उडालेला नाही. चवड्याखाली निम्म्याहून जास्त खाच शिल्लक. पहिल्या आठवड्यात टाचेला थोडं लागलं, नंतर तक्रार नाही. बोटापुढे आता अर्धा सेंटीमीटर जागा उरली आहे, म्हणून जानेवारीत नवीन घ्यावा लागेल. भरपूर पावसाच्या गावात कड आधीच शिवून घेणार असाल, तर घ्यावा.’